अतिवृष्टी अनुदानाचं डीबीटी ऑडिट पहिल्यांदा करताय? आधी जमीन, मग माणूस, मग खातं

पिकाच्या नुकसानीचं अनुदान आता थेट खात्यात जातं, त्यामुळे ऑडिटला गेलं की तहसीलमधून हमखास ऐकायला मिळतं की साहेब आता सगळं ऑनलाइन आहे, आधार आहे, ई-केवायसी आहे, यात चूक कुठून होणार. आणि हातात येते ती हजारो ओळींची एक्सेल, जिच्यात बहुतेक ओळींपुढे सक्सेस लिहिलेलं असतं. नवीन माणूस तिथेच अडकतो, कारण सक्सेसचा अर्थ इतकाच की ज्या आधारला पैसे पाठवले त्या आधारला जोडलेल्या बँकेत ते पोचले. तो आधार खरंच त्या शेतकऱ्याचा होता का, त्याची तेवढी जमीन होती का, तिच्यावर पीक होतं का, यातलं काहीही सक्सेस सांगत नाही.

म्हणून मी तपासणीचा क्रम नेहमी एकच ठेवतो. आधी जमीन, मग माणूस, शेवटी खातं. बरेच जण उलटं करतात, पहिल्याच दिवशी एकसारखी नावं शोधायला बसतात, दोनशे आक्षेप काढतात आणि मग निम्मे गळून पडतात. त्याहून वाईट म्हणजे कधीकधी वसुलीची नोटीस ज्याला एक रुपया मिळाला नाही त्याच्या दारात जाते. हे होऊ नये म्हणून सगळं क्रमाने लिहितोय. उदाहरण महाराष्ट्रातल्या शेतीपिकांच्या निविष्ठा अनुदानाचं घेतलंय, म्हणजे ज्याला गावात सगळे अतिवृष्टीचे पैसे म्हणतात ते.

जाण्याआधी काय काय मागून ठेवायचं

पत्र पाठवताना "सर्व अभिलेख उपलब्ध करून द्यावेत" असं मोघम लिहू नका, नावानिशी मागा:

- त्या नुकसानीच्या काळाला लागू असलेला शासन निर्णय आणि जिल्ह्याचं निधी वाटपाचं पत्र
- मूळ पंचनामे, तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांच्या सह्यांसकट (आता पदनामं बदललीत, ग्राम महसूल अधिकारी वगैरे, पण जुन्या कागदांवर जुनीच असतील)
- पोर्टलवर अपलोड केलेल्या गावनिहाय याद्या, विशिष्ट क्रमांकासकट, ज्याला सगळे व्हीके नंबर म्हणतात
- ई-केवायसीचा तपशील, म्हणजे कोणत्या व्हीके नंबरला कोणत्या नावाने केवायसी झाली, कधी आणि कोणत्या केंद्रावर
- पेमेंटची फाइल, यशस्वी, अयशस्वी आणि प्रलंबित अशी तीनही, तारखेसह आणि बँकेच्या नावासह
- गाव नमुना ७/१२, ८-अ, आणि त्या हंगामाची ई-पीक पाहणी
- सामायिक खात्यांची संमतीपत्रं
- यादी कोणत्या लॉगिनवरून भरली आणि कोणत्या लॉगिनवरून मंजूर झाली त्याची नोंद

यातली शेवटची गोष्ट मागायला लोक विसरतात आणि नंतर तीच सगळ्यात जास्त लागते. आधार नंबर पूर्ण मागू नका, शेवटचे चार अंक आणि पोर्टलचा संदर्भ क्रमांक पुरतो. पूर्ण आधारची एक्सेल पेनड्राइव्हवर घेऊन फिरणं आधार कायद्यात बसत नाही, आणि एखाद्या शेतकऱ्याचा आधार तुमच्या फाइलमधून बाहेर गेला तर ते तुमच्यावर येईल.

१. आधी योग्य जीआर हातात घ्या

सोपं वाटतं पण इथेच गोंधळ होतो, कारण दर आणि मर्यादा सारख्या बदलत आल्यात. १ जानेवारी २०२४ च्या जीआरने जिरायतीला हेक्टरी १३,६००, बागायतीला २७,००० आणि बहुवार्षिक पिकांना ३६,००० असा दर आणि ३ हेक्टरची मर्यादा दिली होती. २०२५ च्या खरिपासाठी परत ८,५००, १७,००० आणि २२,५०० हे दर आले, मर्यादा २ हेक्टरची झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ती पुन्हा ३ हेक्टर केली. म्हणजे एकाच शेतकऱ्याला एका वर्षी बरोबर असलेली रक्कम पुढच्या वर्षी जास्तीची ठरते. दर ठरतो नुकसान कधी झालं त्यावरून, पैसे कधी जमा झाले त्यावरून नाही, हे डोक्यात पक्कं ठेवा. पैसे सहा-आठ महिन्यांनी पडलेले असतात आणि तोवर नवा जीआर आलेला असतो.

जीआरमधल्या तीन अटी अधोरेखित करून ठेवा. पहिली, नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असायला हवं. दुसरी, मदत पेरलेल्या क्षेत्रापुरती आहे, सातबाऱ्यावरच्या अख्ख्या क्षेत्राला नाही. तिसरी, शेतीपिकाची ही मदत एका हंगामात एक वेळ आहे. जुलैमध्येही पाणी आलं आणि सप्टेंबरमध्येही आलं तर पंचनामे दोन असू शकतात, त्यात गैर काही नाही, पण त्याच गटातल्या त्याच क्षेत्राला त्याच खरिपात दोनदा पैसे जायला नकोत.

२. एक्सेल उघडण्याआधी एक्सेलचं वागणं ओळखा

दुहेरी पेमेंट शोधताना निम्मी चूक एक्सेलच करून देतं, म्हणून हे वेगळं लिहितोय.

गट नंबर १२/१ असा असेल आणि तुम्ही सीएसव्ही फाइल सरळ डबल क्लिक करून उघडली की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं, १२ जानेवारी किंवा १ डिसेंबर, तुमच्या कॉम्प्युटरच्या सेटिंगप्रमाणे. एकदा तारीख झाली की मूळ गट गेला, सेलचा फॉरमॅट बदलून तो परत येत नाही. त्यामुळे फाइल डेटा टॅबमधून इंपोर्ट करा आणि गट, व्हीके नंबर, खाते नंबर हे कॉलम टेक्स्ट म्हणून घ्या.

दुसरं, एक्सेल संख्येचे फक्त १५ अंक नीट धरतं. खाते नंबर १६ अंकी असेल तर टेक्स्ट म्हणून घेतला तरी साध्या काउंटइफमध्ये त्याची संख्या होते आणि फक्त शेवटचा अंक वेगळा असलेले दोन खाते नंबर एकच दिसतात. मग तुम्ही दोन निरपराध माणसांवर "एकाच खात्यात दोनदा रक्कम" असा आक्षेप काढता. उपाय असा, शेवटी चांदणी लावायची म्हणजे एक्सेल त्याला अक्षरं समजून तपासतं:

```
=COUNTIF(H:H, H2&"*")
```

यात अट इतकीच की एका खाते नंबरची सुरुवात म्हणजे दुसरा अख्खा नंबर असं नसावं, म्हणून वेगवेगळ्या बँकांचे नंबर मिसळू नका, बँकनिहाय तपासा.

आणि नावावरून दुहेरी शोधायला जाऊ नका, निदान सुरुवातीला तरी. एकाच गावात एकाच नावाचे चार जण असतात आणि एकच माणूस तीन प्रकारे लिहिलेला असतो, कुठे वडिलांच्या नावासकट, कुठे ऱ्हस्व, कुठे दीर्घ. नाव हे शेवटी खात्री करायला वापरायचं.

३. पहिली कडी: जमीन

गावाचा कोड आणि गट नंबर मिळून एक किल्ली तयार करा आणि त्या हंगामात त्या गटावर एकूण किती क्षेत्राचे पैसे गेले त्याची बेरीज काढा. सगळ्या याद्या एकत्र करून, पहिली यादी, दुसरी यादी, पुरवणी यादी, सगळ्या एकाखाली एक. वेगवेगळ्या फाइलींमध्ये तपासाल तर दुहेरी कधीच दिसणार नाही, कारण ती बहुतेक वेळा मूळ यादी आणि पुरवणी यादी यांच्या मध्येच लपलेली असते. बी कॉलमला गाव कोड, सीला गट, एफला बाधित क्षेत्र असेल तर:

```
=SUMIFS(F:F, B:B, B2, C:C, C2)
```

इथेही सावध राहा, हा फॉर्म्युला १२ आणि ०१२ एकच धरतो, म्हणून गट आधी एकसारखे लिहून घ्या. मग ही बेरीज सातबाऱ्यावरच्या लागवडीयोग्य क्षेत्राशी लावा. एकूण क्षेत्राशी नाही, पोटखराब वजा करून. बेरीज जास्त आली की ती ओळ बाजूला काढा. गट सातबाऱ्याच्या यादीत सापडतच नसेल, किंवा तो गायरान, शासकीय, वन अशा जमिनीचा निघाला तर ती ओळ वेगळ्या रंगात घ्या, कारण ती नजरचूक असण्याची शक्यता कमी आणि मुद्दाम घातलेली असण्याची जास्त. पण त्याआधी एकदा बघा की गटाचा पोटहिस्सा नुकताच पडला का, फेरफार झाला का, कारण पंचनाम्यावर जुना गट आणि ऑनलाइन सातबाऱ्यावर नवा असं होतं आणि त्यात शेतकऱ्याचा काही दोष नसतो.

किमान रकमेचा सापळा इथेच बघून घ्या. आपत्ती निधीच्या निकषांत जिरायतीला किमान १,०००, बागायतीला २,००० आणि बहुवार्षिकला २,५०० अशी तळाची रक्कम आहे, म्हणजे क्षेत्र अगदी कमी असलं तरी तेवढे द्यायचे. आता एका खातेदाराचे पाच-पाच गुंठ्याचे तीन तुकडे आहेत, प्रत्येकी ०.०५ हेक्टर. एकत्र धरले तर ०.१५ गुणिले ८,५०० म्हणजे १,२७५ रुपये. पण तिन्ही तुकडे वेगळ्या ओळींत घातले तर प्रत्येकाला किमान १,००० आणि एकूण ३,०००. यादीत बरोब्बर १,००० च्या ओळी ढीगभर दिसल्या की खातेदारनिहाय एकत्र करून बघा. एकेकाची रक्कम किरकोळ वाटते पण गावच्या गाव असं भरलेलं असू शकतं.

ई-पीक पाहणीबद्दल एक सांगतो. ही महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू आहे आणि कोणत्या गटात कोणतं पीक किती क्षेत्रावर होतं हे बघायला फार उपयोगी आहे, पण एकटी तिच्यावर आक्षेप उभा करू नका. बऱ्याच शेतकऱ्यांना ॲपवर नोंद करता आलेली नसते, रेंज नसते, फोन नसतो. नोंद नाही म्हणजे पीक नव्हतं असं होत नाही. ती मूळ पंचनाम्याशी जोडून वाचा, आणि मूळ पंचनामा म्हणजे कागद, त्यावरून टाइप केलेली एक्सेल नाही.

४. दुसरी कडी: माणूस

गट बरोबर निघाला तर आता त्या ओळीतला माणूस त्या गटाचा खातेदार आहे का ते बघा. ८-अ उतारा घ्या आणि यादीतलं नाव खातेदारांत आहे का बघा. नसेल तर लगेच बोगस म्हणू नका. खातेदार वारला असेल, वारसनोंद झाली नसेल, मुलाच्या नावाने अर्ज असेल. त्यासाठी फेरफार आणि मृत्यूची नोंद मागवा.

मयत खातेदाराच्या बाबतीत मात्र एक खूण अचूक आहे. खातेदार पेमेंटच्या आधी वारलाय, त्याच्याच नावाने ओळ आहे, आणि त्या ओळीला मृत्यूनंतरच्या तारखेला अंगठ्याने ई-केवायसी यशस्वी झालीये. अंगठा कोणाचा? एक तर त्या ओळीला दुसऱ्या कुणाचा तरी आधार जोडलाय, किंवा मृत्यूची तारीख चुकीची आहे, तिसरं काही असू शकत नाही. याउलट मयताच्या नावाने पैसे प्रलंबित पडून असतील तर तो गैरव्यवहार नाही, तिथे वारसांना पैसे मिळायचे राहिलेत आणि तसंच अहवालात लिहा. अपात्राला मिळाले तेवढंच ऑडिटचं काम नाही, पात्राचे अडकले तेही लिहायचं असतं आणि ते लिहिल्याने खरंच लोकांची कामं होतात.

मग क्षेत्राची मर्यादा. ती खातेदाराला आहे, गावाला नाही. एकाच माणसाची एका तालुक्यात १.५० आणि शेजारच्या तालुक्यात १.४० हेक्टर जमीन असेल, मर्यादा २ हेक्टर असेल आणि दोन्हीकडून पूर्ण पैसे मिळाले असतील तर ०.९० हेक्टरचे, म्हणजे जिरायती दराने ७,६५० रुपये जास्त गेले. हे एका तालुक्याच्या फाइलमध्ये जन्मात दिसणार नाही. त्यासाठी जिल्ह्याची एकत्र फाइल मागा आणि आधारच्या संदर्भ क्रमांकावर बेरीज काढा. तो नसेल तर नाव, आधारचे शेवटचे चार अंक आणि बँक या तीन गोष्टी जुळवून संशयित यादी काढा आणि ती यादी तहसीलला पडताळायला द्या, तुम्ही स्वतः निष्कर्ष काढू नका.

५. तिसरी कडी: खातं

आता आधार पेमेंट कसं जातं ते नीट समजून घ्या, नाहीतर या टप्प्यावर सगळं चुकेल. आधार आधारित पेमेंटमध्ये तहसीलने पाठवलेल्या फाइलमध्ये पासबुकावरचा खाते नंबर कामाला येत नाही. बँकांमधले असे व्यवहार चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेकडे एक मॅपर असतो, त्यात एका आधारपुढे एकच बँक नोंदलेली असते, शेवटी जी जोडली ती. पैसे त्या बँकेकडे जातात आणि त्या बँकेत त्या आधारला जे खातं जोडलंय त्यात बँक जमा करते. म्हणजे शेतकऱ्याने अर्जासोबत जिल्हा बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स दिली तरी पैसे दुसऱ्याच बँकेत जाऊ शकतात आणि ते पूर्णपणे त्याच्या स्वतःच्याच खात्यात असू शकतात.

म्हणून "पासबुक वेगळं, जमा वेगळीकडे" हा आक्षेप होत नाही. नवीन मंडळी सगळ्यात जास्त आक्षेप हाच काढतात आणि सगळ्यात आधी हाच गळतो. २०१७ मध्ये गॅस सबसिडीचे पैसे मोबाइल सिमच्या पडताळणीच्या वेळी नकळत उघडलेल्या पेमेंट्स बँकेच्या खात्यांत गेल्याचं प्रकरण देशभर गाजलं होतं, ते याच शेवटी जोडलेल्या बँकेच्या नियमामुळे. शेतकरी सांगतो पैसे आलेच नाहीत, आणि तो खोटं बोलत नसतो, त्याला ते खातं आहे हेच माहीत नसतं. अशा वेळी पेमेंट फाइलमधलं बँकेचं नाव त्याला सांगा आणि त्या बँकेत जाऊन स्टेटमेंट काढायला सांगा.

तपासायचं ते वेगळं आहे: या ओळीला जोडलेला आधार त्या ओळीतल्या शेतकऱ्याचा आहे का. त्याला सोपा आणि भक्कम पुरावा म्हणजे यादीतलं नाव आणि ई-केवायसीत आधारवरून आलेलं नाव शेजारी ठेवणं. पहिलं नाव वेगळ्या स्पेलिंगचं आहे, आडनाव तेच आहे, सोडून द्या. बाईंचं माहेरचं आणि सासरचं आडनाव, तेही कागद बघून सोडता येतं. पण अख्खं नावच वेगळं असेल तर थांबा. तोच आधार संदर्भ आणखी कुठल्या गावात, कुठल्या खातेदाराच्या नावापुढे आलाय ते शोधा. एकच आधार तीन गावांत तीन वेगळ्या नावांपुढे आला तर ती टायपिंगची चूक नव्हे. मग त्या ओळींची केवायसी कोणत्या केंद्रावर, कोणत्या वेळेला झाली आणि यादी कोणत्या लॉगिनने भरली ते लावा. एकाच केंद्रावर, लांबच्या गावांच्या ओळी, पाठोपाठ काही मिनिटांत झालेल्या दिसल्या तर त्या केंद्राच्या सगळ्याच ओळी तपासायला घ्या.

ज्या काळात पैसे तहसीलने खाते नंबरच्या याद्या बँकेला देऊन वाटले तिथे धोका वेगळा होता. एनईएफटीत जमा खाते नंबरवरून होते, नाव जुळतंय का हे बँकेने बघितलंच असेल असं धरता येत नाही. अशा जुन्या याद्यांचं ऑडिट असेल तर बँकेकडून खातेधारकाचं नाव लेखी मागवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

६. परत आलेले पैसे आणि दुसऱ्यांदा गेलेले पैसे

आधार बंद, खातं गोठवलेलं, मॅपिंग निघालेलं, अशा कारणांनी पेमेंट अयशस्वी होतं आणि दुरुस्ती झाल्यावर परत पाठवलं जातं. धोका असा की पहिल्याचा निकाल नक्की होण्याआधीच दुसरं पाठवलं आणि दोन्ही जमा झाले. हे शोधायला व्हीके नंबरवर यशस्वी ओळी मोजा, एकापेक्षा जास्त आल्या की थेट सापडतं. पण काही ठिकाणी दुरुस्तीच्या नावाखाली त्याच शेतकऱ्याला नवाच व्हीके नंबर दिलेला असतो, तो यातून निसटतो. तो फक्त गटाच्या बेरजेतच सापडतो, म्हणूनच जमिनीची कडी आधी.

सोबत एक बेरीज करून ठेवा. मंजूर निधी, पाठवलेली रक्कम, आणि यशस्वी अधिक अयशस्वी अधिक प्रलंबित. पाठवलेली आणि या तिघांची बेरीज जुळली नाही तर बाकी सगळं थांबवून आधी ते विचारा, कारण याचा अर्थ तुम्हाला पूर्ण फाइल दिलेलीच नाही.

७. एक केस पहिल्यापासून शेवटपर्यंत

आकडे सोपे करून घेतलेत. गट ११२, एकूण क्षेत्र १.८० हेक्टर, त्यात पोटखराब ०.१८, म्हणजे लागवडीयोग्य १.६२. सातबाऱ्यावर तीन नावं, आई आणि दोन मुलं. खरीप, जिरायती, दर ८,५००.

मूळ यादीत थोरल्याच्या नावाने १.६२ हेक्टर, १३,७७० रुपये, सक्सेस. पुरवणी यादीत धाकट्याच्या नावाने १.८० हेक्टर, १५,३०० रुपये, सक्सेस. एकूण गेले २९,०७०. गटाची बेरीज ३.४२ हेक्टर आली, जमीनच १.६२ आहे, त्यामुळे पहिल्याच चाळणीत गट वर आला. दुसऱ्या ओळीतला १.८० हा आकडाच बोलका आहे, तो शेतावर जाऊन मोजलेला नाही, उताऱ्यावरचं एकूण क्षेत्र पोटखराबासकट जसंच्या तसं उचललंय.

आता मूळ पंचनामा काढला. त्यावर सोयाबीन १.२० हेक्टर बाधित आणि ०.४२ हेक्टर पड लिहिलेलं आहे, तिन्ही कर्मचाऱ्यांच्या सह्या आहेत, आणि ई-पीक पाहणीतही सोयाबीन १.२० आहे. दोन स्वतंत्र कागद जुळले. म्हणजे देय होते १.२० गुणिले ८,५००, १०,२०० रुपये. थोरल्याला मिळाले १३,७७०, म्हणजे ३,५७० जास्त, कारण अपलोड करताना पेरलेल्या क्षेत्राऐवजी लागवडीयोग्य क्षेत्र टाकलं. उरलेले १५,३०० पूर्णच जादा. एकूण जादा १८,८७०.

इथे थांबलात तर अहवालात लिहाल, "सामायिक गटावर दोन भावांना दुहेरी लाभ, धाकट्याकडून १५,३०० वसूल करावेत". आणि हे चूक ठरेल. कारण संमतीपत्र बघितलं तर आई आणि धाकटा दोघांनी थोरल्याच्या खात्यात पैसे जमा करायला हरकत नाही असं सही करून दिलेलं आहे. ज्याने हक्क सोडून सही केली तोच पुरवणी यादीत वेगळा कसा आला? मग त्या ओळीची केवायसी बघितली. नाव तिसऱ्याच माणसाचं, आडनाव वेगळं, गाव वेगळं. तोच आधार शेजारच्या दोन गावांतल्या ओळींनाही जोडलेला. धाकट्याला विचारलं तर त्याला पुरवणी यादीत आपलं नाव आहे हेच माहीत नाही, त्याच्या बँकेच्या स्टेटमेंटमध्येही काही नाही.

म्हणजे एकाच गटातून दोन वेगळे आक्षेप निघाले. थोरल्याचा ३,५७० चा, जिथे चूक कार्यालयाची आहे आणि रक्कम वसुलीपात्र आहे. आणि १५,३०० चा, जिथे शेतकऱ्याचं नाव वापरून पैसे परक्या खात्यात गेलेत, जिथे धाकट्याकडे बोट दाखवायचं कारणच नाही, आणि जिथे त्या आधारच्या सगळ्या ओळी, ते लॉगिन आणि ते केंद्र तपासात आलं पाहिजे. हे दोन एका परिच्छेदात कधीही मिसळू नका.

८. शेतावर आणि घरी जाणं

डेटाच्या चाचण्या सगळ्या ओळींवर करा, पण प्रत्यक्ष भेटी निवडक. निम्मे संशयित घ्या आणि निम्मे कुठलाही संशय नसलेले, डोळे झाकून निवडलेले. फक्त संशयितांकडे गेलात तर तुमच्या चाळणीतून काय निसटतंय ते कधी कळणार नाही. भेटीला जाताना तलाठ्याला सोबत घ्यावं लागतं हे खरं, पण शेतकऱ्याशी बोलणं एकट्याने करा. "तुम्हाला पैसे मिळाले का" असं विचारू नका, लोक घाबरून हो म्हणतात. "शेवटचे अतिवृष्टीचे पैसे कोणत्या बँकेत पडले, साधारण किती" असं विचारा आणि पासबुक दाखवा म्हणा. पासबुक भरलेलं नसेल तर मोबाइलवरचा मेसेजही चालेल, पण पुराव्याला बँकेचं स्टेटमेंटच लावा. आणि विम्याचे पैसे वेगळे विचारून घ्या, कारण पीक विमा आणि हे अनुदान दोन्ही मिळणं म्हणजे दुहेरी लाभ नाही, शेतकरी मात्र दोन्हीला नुकसानीचे पैसे म्हणतात.

९. आक्षेप लिहिताना

अर्धसमास पत्रात, म्हणजे आक्षेप लिहून कार्यालयाकडून उत्तर मागतो त्या पत्रात, प्रत्येक ओळीला पाच गोष्टी हव्यात: व्हीके नंबर, गट, देय रक्कम आणि तिचा हिशोब, दिलेली रक्कम, आणि फरक कोणत्या कागदावरून सिद्ध होतो ते. "बोगस लाभार्थी" हा शब्द पुरावा पूर्ण असल्याशिवाय वापरू नका, आधी "यादीतील नाव व ई-केवायसीतील नाव भिन्न" असं वस्तुस्थिती लिहा आणि तहसीलचं उत्तर येऊ द्या. उत्तरात बऱ्याचदा खरंच कागद येतो, फेरफार येतो, वारसनोंद येते, आणि आक्षेप तिथेच मिटतो.

वसुली झाली म्हणून सांगितलं तर चलनाची झेरॉक्स बघून समाधान मानू नका. चलनावरचा जीआरएन नंबर घेऊन ग्रास या सरकारी जमेच्या पोर्टलवर तपासा की रक्कम खरंच जमा झाली, कोणत्या लेखाशीर्षाखाली झाली आणि कोणाच्या नावाने झाली. वरच्या केसमध्ये १५,३०० चं चलन धाकट्या भावाच्या नावाने भरलेलं दिसलं तर तो आक्षेप निकाली काढू नका. ते पैसे त्याच्या खिशातून घेतले की ज्याच्या खात्यात गेले होते त्याच्याकडून, हे लेखी विचारा आणि त्या दुसऱ्या माणसाचं बँक स्टेटमेंट आल्याशिवाय परिच्छेद उघडाच ठेवा.